नुसती लिपी बघून रांग ठरवू नकोस

आलेली तक्रार कुठल्या भाषेच्या रांगेत टाकायची हे ठरवताना सुरुवातीला मीही लिपीवरच विसंबलो होतो. देवनागरी दिसली की मराठीची रांग, रोमन दिसली की इंग्रजीची. सांगलीत हे टिकत नाही. जतकडून आलेली ही तक्रार बघ:

```
neeru yavaga barutte
```

‘पाणी कधी येणार’ एवढंच विचारलंय, पण कन्नडमध्ये आणि रोमन अक्षरांत. ती इंग्रजीच्या रांगेत गेली. तिथल्या मुलीला कळेना, तिने परत पाठवली, आणि आमच्या नियमाने ती पुन्हा तिच्यासमोरच आणून टाकली. दिवसभर हेच चाललं.

म्हणून परत पाठवताना माणसाने भाषा निवडलीच पाहिजे, आणि ती एकदा निवडली की यंत्राचा अंदाज तिच्यावर चालता कामा नये. तक्रारीची मूळ वेळही तीच ठेव. नाहीतर रांग बदलली की तक्रार शेवटी जाते, आणि आमच्या चुकीची शिक्षा तक्रार करणाऱ्याला होते. हे मला फार लागतं.

मराठी-हिंदीचा पेच वेगळा. ‘आहे’ किंवा ‘है’ सापडलं तर प्रश्न मिटतो. पण कुणी नुसतं ‘मीटर बंद’ लिहिलं, तर ते दोन्ही भाषांत सारखंच. तिथे अंदाज बांधत बसू नकोस. त्या माणसाची आधीची तक्रार कुठल्या भाषेत होती ते बघ. तीही नसेल तर दोन्ही भाषा येणाऱ्याकडे दे.

आणि तक्रारी बघणाऱ्या कामगारांच्या नोंदीत ‘कन्नड येतं’ एवढंच लिहू नकोस. मिरजेत कन्नड अस्खलित बोलणारे, पण लिहिता न येणारे बरेच भेटतील. बोलणं, वाचणं आणि लिहिणं वेगवेगळं विचार.