थरथरत्या हातांसाठी कीगार्ड की मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड?

प्रश्न: आईचे हात थरथरतात आणि अक्षरंही नीट दिसत नाहीत. मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड पुरेल की कीगार्डही लागेल? आम्ही दादरला राहतो.

उत्तर: दोन्ही लागतील, पण आधी कीबोर्ड घ्या. पिवळ्या बटणांवर ठळक काळी अक्षरं असलेला बघा. अक्षरं मोठी झाली तरी बटणं बहुधा नेहमीच्याच आकाराची असतात, त्यामुळे थरथरीत शेजारचं बटण दाबलं जाणं त्याने थांबत नाही. ते काम कीगार्डचं. प्रत्येक बटणावर भोक असलेल्या या पट्टीवर हात टेकवायचा आणि बोट भोकातून खाली न्यायचं.

कीगार्ड त्याच मॉडेलचं हवं, नाहीतर भोकं बटणांवर बसत नाहीत. तयार मिळालं नाही तर लेझर कटिंगवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून घ्या, मात्र कीबोर्ड सोबत न्या. चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर ट्यूबलाइट चमकते आणि अक्षरं पुन्हा दिसेनाशी होतात, म्हणून मॅट घ्या.

बसवल्यावर आईंना पट्टीवर पूर्ण हात टेकवायला सांगा. स्क्रीनवर काही उमटलं, तर पट्टी वाकतेय किंवा फार खाली बसलीय.

कीगार्डवर दोन बटणं एकदम दाबणं कठीण जातं. विंडोजमध्ये Sticky Keys चालू करा, म्हणजे एकामागून एक दाबता येतील. एकच अक्षर सारखं उमटत राहिलं तर Filter Keys.