गावच्या टीमचं पत्र आलंय, मुलीची आरडी थांबवून किट द्यावं का?

"ताई, चोपडा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. वर्षाची विक्री साधारण ७२ लाख. सगळं वजा जाऊन ४ लाख ८० हजार हातात येतात, घरखर्च महिन्याला ३२ हजार. गावातल्या व्हॉलीबॉल मंडळानं पत्र दिलंय. २६ जानेवारीच्या स्पर्धेसाठी १२ खेळाडूंची जर्सी-शॉर्ट (सेट ५५०), नीकॅप (जोडी ३००), बूट (जोडी १,९००) आणि ३,००० चा एक मॅच बॉल, एकूण ३६,००० रुपये. जर्सीवर दुकानाचं नाव टाकू म्हणतात. मुलगी अकरावीला आहे, तिच्यासाठी पोस्टात महिन्याला ३,००० ची आरडी चालू आहे. ती वर्षभर थांबवली तर नेमके एवढेच पैसे निघतात. मित्र म्हणतो, जाहिरात म्हणून टॅक्समधून वजा होतील. रिटर्न ४४एडीत भरतो, जीएसटी कंपोझिशनमध्ये. देऊ का? नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवणं अवघड."

भाऊ, द्या. पण ३६,००० नाही, ९,६०० द्या, आणि आरडीला हात लावू नका.

आधी आरडीचं सांगते, कारण नुकसान तिथे आहे. पोस्टाची पाच वर्षांची आरडी आपल्या सोयीनं वर्षभर थांबवता येत नाही. हप्ता चुकला की शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे तुमच्या ३,००० च्या हप्त्याला ३० रुपये. ही रक्कम किरकोळ वाटते, पण चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. त्यानंतर ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात, तेही मागचे सगळे हप्ते दंडासह भरून. जानेवारीपासून थांबलात तर एप्रिलचा हप्ता चौथा. जूनमध्ये बियाणं-खतात पैसे अडकलेले असताना चार-सहा हप्ते एकदम कुठून भरणार? ते खातं तिथेच बंद पडेल, आणि मुलगी बारावी होऊन प्रवेशाच्या रांगेत उभी राहील तेव्हा ती रक्कम अपुरी असेल.

आता मित्राच्या टॅक्सच्या बोलण्याचं. दुकानदारांच्या तोंडी हे वाक्य मी नेहमी ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ४४एडीत तुम्ही खर्चाचा हिशेब दाखवतच नाही. विक्रीच्या ८ टक्के, आणि जी रक्कम बँकेतून किंवा यूपीआयनं आली तिच्या ६ टक्के, एवढा नफा धरला जातो. तुम्ही त्याहून जास्त दाखवू शकता, पण त्यातून भाडं, पगार, जाहिरात असं काही वेगळं वजा होत नाही, ते सगळं त्या टक्क्यात आलेलं असतं. जर्सीचं बिल कितीही पक्कं असलं तरी रिटर्नमध्ये त्याला जागा नाही. शिवाय तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या बरंच आत आहे. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत तेवढ्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्यच येतो. शून्यातून काय वजा करणार? देणगी म्हणून ८०जीही लागू नाही. त्यासाठी मंडळाकडे तशी नोंदणी लागते, वस्तू दिलेल्या चालत नाहीत, आणि नव्या पद्धतीत ही सवलतच नाही. कंपोझिशनमध्ये असल्यामुळे जर्सीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही तुम्हाला मिळणार नाही. म्हणजे जो रुपया द्याल तो पूर्ण तुमच्या खिशातला. हिशेब त्याच पायावर करायचा.

घरखर्चाचे ३ लाख ८४ हजार गेले की वर्षाला तुमच्याकडे ९६,००० उरतात. आरडीचे ३६,००० त्यातलेच. मागे राहतात ६०,०००, आणि त्यातच आजारपण, लग्नकार्य, एखादी बुडालेली उधारी. मंडळाला ३६,००० दिले तर वर्षाच्या बचतीतला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एका पत्रात गेला. ९,६०० म्हणजे बरोबर दहावा भाग. तो तुम्ही सोसू शकता.

९,६०० कुठून आले ते सांगते. पत्रातली यादी मी दोन भागांत वाचली: ज्यावर तुमचं नाव दिसतं आणि जे मंडळाकडे राहतं ते एकीकडे, जे खेळाडूच्या घरी जातं ते दुसरीकडे. बारा जोड बुटांचे होतात २२,८००, म्हणजे मागणीतले तीन हिश्श्यांपैकी जवळजवळ दोन. बुटावर दुकानाचं नाव येत नाही. एकाच्या मापाचा बूट दुसऱ्याला होत नाही, पोरगा पुण्याला कामाला गेला की बूटही गेले. नीकॅपचंही तेच, त्यांचे ३,६००. हे खेळाडूंनी आपलं आपण घ्यावं. जर्सी-शॉर्टचे ६,६०० आणि बॉलचे ३,००० तेवढे तुमचे.

हे परत मिळतात का? औषधांवर तुम्हाला सगळं धरून १२ टक्के सुटतात असं समजू, तुमचा खरा आकडा घालून बघा. ९,६०० भरून यायला ८०,००० ची जादा विक्री हवी. एका शेतकऱ्याची खरिपातली औषधं ८,००० धरली तर दहा नवी गिऱ्हाइकं. ३६,००० साठी ३ लाखांची विक्री, म्हणजे सदतीस-अडतीस गिऱ्हाइकं. एका स्पर्धेतून दहा माणसं दुकानाची पायरी चढणं शक्य आहे, अडतीस नाही. आणि ही दहा रोखीची हवीत. उधारीवर आलेलं नवं गिऱ्हाईक कपाशी विकेपर्यंत तुमच्याच पैशावर शेती करतं, त्यात एक बुडालं की सगळा हिशेब उलटा.

म्हणून मंडळाला विचारा, स्पर्धेला कोणत्या गावांच्या टीम येणार आहेत. तुमच्या गावचे लोक तर आजही तुमच्याकडेच येतात, त्यांच्यासमोर नाव मिरवून विक्री वाढत नाही. जी गावं आज औषधाला थेट चोपड्याला जातात, तिथल्या टीम येत असतील तर या खर्चाला अर्थ आहे. पत्रात गावांची यादी नसणं ही मला त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

द्यायचं ठरलं की रोख देऊ नका. असल्या मंडळांची बहुधा नोंदणी नसते, मंडळाच्या नावाचं बँक खातं नसतं, आणि पैसे कुणातरी एका मुलाच्या फोनवर जातात. तो मुलगा प्रामाणिक असला तरी चार महिन्यांनी गावात दोन गट पडले की जाब त्याला आणि तुम्हाला दोघांनाही विचारतात. जर्सी छापणाऱ्याला आणि बॉलच्या दुकानाला तुम्ही स्वतः पैसे भरा, बिल दुकानाच्या नावानं घ्या.

जर्सी छापायला टाकण्याआधी नमुना हातात घेऊन बघा. माझ्या एका नातेवाइकानं असंच किट दिलं होतं. नाव गरम प्रेसनं चिकटवलेलं होतं. उन्हाळ्यापर्यंत अक्षरांच्या कडा सुटल्या, आणि दुकानाच्या नावातली दोन अक्षरं गळून जे उरलं त्यावर पोरं हसायची. त्याला फार लागलं होतं ते. कापडातच रंग उतरवणारी छपाई घ्या, ज्याला छापणारे सब्लिमेशन म्हणतात. नखानं खरवडून बघा, अक्षराची कड बोटाला लागता कामा नये. व्हॉलीबॉलच्या नियमात छातीवरचा नंबर किमान १५ सेंटिमीटर आणि पाठीवरचा २० सेंटिमीटर उंच लागतो, त्यामुळे दुकानाचं नाव पाठीवर नंबरच्या वर घ्या, नंबरवर चढू देऊ नका. लिबेरो म्हणजे फक्त बचावासाठीचा खेळाडू खेळवणार असतील तर त्याची जर्सी बाकीच्यांहून उठून दिसणाऱ्या वेगळ्या रंगाची लागते. हे ऑर्डर देतानाच विचारा, नाहीतर बारावी जर्सी पुन्हा छापावी लागेल.

बॉलचं एक. मॅच बॉल पोरांच्या हातात डिसेंबरात दिला तर सराव त्यावरच होणार, आणि मातीच्या मैदानावर घासून २६ तारखेला त्याचं वरचं कातडं खरखरीत झालेलं असेल. तो तुमच्या दुकानातल्या कपाटात ठेवा, स्पर्धेच्या सकाळी द्या. हवा भरताना सायकलच्या पंपानं दगडासारखा टणक करू नका म्हणावं. व्हॉलीबॉलला ०.३० ते ०.३२५ किलो दाब पुरतो, सायकलच्या टायरच्या मानानं फारच कमी. जास्त हवेनं शिवण आणि ब्लॅडर दोन्ही जातात.

९,६०० हूनही कमी खर्चात भागायची एक वाट आहे. बियाणं-औषध कंपन्यांचे फील्डवरचे लोक तुमच्याकडे येतातच. हंगामाआधी गावात प्रचारासाठी थोडा पैसा त्यांच्या हाती असतो. जर्सीच्या बाहीवर त्यांचं चिन्ह घ्यायच्या बदल्यात अर्धा खर्च उचलता का, हे विचारायला संकोच करू नका. मात्र त्यांचा होकार लेखी येईपर्यंत मंडळाला त्या पैशाचा शब्द देऊ नका.

आणि तोंड दाखवण्याचं म्हणाल तर, भीड मला कळते. मंडळातल्या कुणाच्या वडिलांकडे तुमची उधारी असेल, कुणी भाऊबंदातला असेल. पण उधारी आणि जर्सी एका वाक्यात आणू नका. "मुलाला किट दिलं, आता बाकी चुकती करा" म्हटलंत की दिलेलं किटही कडू होतं, आणि उधारीही रेंगाळते. उद्या शेजारच्या गावचं पत्र येईल, परवा गणपतीची वर्गणी, मग सप्ताह. म्हणून आजच वहीच्या एका पानावर वर्षाची रक्कम लिहून टाका, १५,००० पुरेत. यातले ९,६०० या टीमचे, बाकीच्यांना उरलेल्या ५,४०० तून. पान संपलं की "यंदाचं झालं, पुढच्या वर्षी या" एवढंच म्हणायचं.

मंडळाला तोंडी नको, कागदावर उत्तर द्या. असं चालेल:

"मंडळाचं पत्र मिळालं. स्पर्धेसाठी १२ जर्सी-शॉर्ट आणि एक मॅच बॉल दुकानातर्फे देत आहे. बूट आणि नीकॅप खेळाडूंनी आपले आणावेत. जर्सी मंडळाच्या पेटीत राहतील आणि दोन वर्षं वापराव्यात. येणाऱ्या टीमच्या गावांची यादी आणि खेळाडूंची मापं १० तारखेपर्यंत दुकानावर द्यावीत. हे सहकार्य या वर्षापुरतं आहे."

यादी आली की छापणाऱ्याला ऑर्डर द्या. जून-जुलैत बिल फाडताना नव्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्याचं गाव लिहीत जा. पुढच्या डिसेंबरात पत्र येईल तेव्हा ती पानं उलटून दहा नावं भरतात का ते मोजा, आणि तो आकडा मला कळवा.