‘होते’ की ‘आहेत’: बेपत्ता माणसाच्या घरी पत्र लिहिताना

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा मिळाला. दरड कोसळून आज पाचवा दिवस, आणि त्या बेपत्ता सर्वेक्षकाच्या पत्नीला पत्र लिहिण्याचं काम तुझ्याकडे आलं आहे. तू त्यावर बराच वेळ घालवलास हे ओळीओळीतून कळतं. पत्रात माया आहे. तरीही ते असंच पाठवू नकोस.

तुझं पहिलं वाक्य आहे, ‘आपल्या कुटुंबावर ओढवलेल्या या दुःखद प्रसंगी आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.’ ही सांत्वनपत्राची भाषा झाली, आणि सांत्वनपत्र माणूस गेल्यावर लिहितात. शेवटचं वाक्य आहे, ‘ते लवकरच सुखरूप परततील असा आम्हांला विश्वास आहे.’ म्हणजे पानाच्या वरच्या टोकाला मृत्यू गृहीत धरला आणि खालच्या टोकाला परत येण्याची ग्वाही दिली. या दोन्हींतलं आपल्याला काहीच माहीत नाही. ती बाई हे पत्र दहा वेळा वाचणार आहे, आणि प्रत्येक वेळी त्यातून आपल्याला हवं ते किंवा भीती वाटते ते शोधणार आहे. आपण नुसत्या सवयीने लिहिलेल्या शब्दालाही तिथे अर्थ चिकटतो.

हे मी स्वतः चूक करून शिकले. या कामात नवी असताना पुरात बेपत्ता झालेल्या एका तरुणाच्या आईला मी लिहिलं होतं, ‘तो सर्वांना मदत करणारा होता.’ मला त्याचं कौतुक करायचं होतं. आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी ते पत्र समोर ठेवलं. ‘होता’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ होती. त्यांनी एवढंच विचारलं, ‘तुम्हांला काही कळलंय का, जे आम्हांला सांगितलं नाही?’ मला काहीच कळलेलं नव्हतं. एका क्रियापदामुळे त्या आठवडाभर झोपल्या नव्हत्या.

म्हणून आधी क्रियापदं तपास. माणसाबद्दलचं वर्णन वर्तमानकाळात ठेव: ते सर्वेक्षक आहेत, त्यांची उंची इतकी आहे. घडलेल्या गोष्टी भूतकाळात येणारच, त्यात गैर काही नाही: ते सकाळी कामावर गेले, सहकाऱ्यांनी त्यांना पाहिलं. तुझ्या मसुद्यात ‘शेवटचं पाहिलं’ आहे, त्यातलं ‘शेवटचं’ काढ. त्याऐवजी वेळ लिही. ‘दुपारी सव्वातीनला पाहिलं’ यात जास्त माहिती आहे आणि निकाल नाही.

‘अजून’ हा शब्दही तू चार वेळा वापरला आहेस. ‘अजून सापडले नाहीत’ म्हटलं की आज ना उद्या सापडणारच असं ऐकू येतं. शिवाय शोधकार्याच्या बातम्यांत ‘सापडला’ हा शब्द बहुतेक वेळा मृतदेहाला लागून येतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी कापतो. मी ‘आज दुपारी चारपर्यंत त्यांचा ठावठिकाणा लागलेला नाही’ असं लिहिते. वाक्य कोरडं आहे खरं, पण ते चार वाजता खरं असतं आणि पाच वाजता काही बदललं तरी आपण खोटे पडत नाही.

पाकिटाकडेही बघ. कार्यालयातला छापील नमुना सगळ्याच बायकांना ‘श्रीमती’ लावतो. तिथे तो नुसता आदराचा शब्द आहे, पण पुष्कळ घरांत ‘श्रीमती’ म्हणजे नवरा नसलेली बाई असंच वाचतात. ज्या बाईने नोंदणी अर्जावर स्वतः ‘सौ.’ लिहून सही केली आहे, तिला पाचव्या दिवशी ‘श्रीमती’ असं पाकीट गेलं तर पत्र उघडण्याआधीच उत्तर मिळाल्यासारखं होईल. तिने स्वतःचं नाव जसं लिहिलं आहे तसंच लिही. अर्जावर नसेल तर नुसतं नाव आणि ‘यांस’ पुरे. सोबतच्या फॉर्मवर ‘वारसदार’ असा रकाना असेल तर तो फॉर्म या पत्रासोबत जाऊ देऊ नकोस.

आता पत्राचा गाभा. तुला भावना कशा मांडाव्यात याची काळजी वाटते आहे, पण या घराला भूक आहे ती माहितीची. तू मला पाठवलेल्या टिपणात ती सगळी आहे, पत्रात मात्र एकही गोष्ट आली नाही. तुझ्याच टिपणावरून मी असं लिहिलं असतं:

‘सप्रेम नमस्कार. आज सकाळी आपलं फोनवर बोलणं झालं. ते तुमच्याजवळ लेखी असावं म्हणून हे पत्र. मंगळवारी दुपारी सव्वातीनला तुमचे पती वरच्या रस्त्यावर मोजणी करत असताना दोन सहकाऱ्यांनी त्यांना पाहिलं. साधारण वीस मिनिटांनी दरड कोसळली. त्या वीस मिनिटांत ते कुठे होते हे आम्हांला माहीत नाही. आज, शनिवारी, दुपारी चारपर्यंत त्यांचा ठावठिकाणा लागलेला नाही. पथकांनी वरचा रस्ता आणि कामगारांची छावणी तपासली आहे. ओढ्याकडचा भाग राहिला आहे. पाऊस थांबला तर उद्या सकाळी तिथे काम सुरू होईल. पाऊस राहिला तर वरून पुन्हा दरड येण्याचा धोका असल्याने थांबावं लागेल. जवळच्या तिन्ही रुग्णालयांत ओळख न पटलेल्या रुग्णांची रोज चौकशी होते. आजपर्यंत त्यांच्या वर्णनाशी जुळणारं कोणी आढळलेलं नाही. ही अनिश्चितता किती जड असेल याची मला पूर्ण कल्पना येऊ शकत नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी तुम्हांला फोन करेन. नवीन काही कळलेलं नसलं तरी करेन.’

‘पती’च्या जागी त्यांचं नाव घाल, मी इथे मुद्दाम लिहिलं नाही. यात एक वाक्य असं आहे की जे लिहायला हात धजत नाही: ‘त्या वीस मिनिटांत ते कुठे होते हे आम्हांला माहीत नाही.’ ते गाळू नकोस. जे माहीत नाही ते आपण उघड सांगितलं तरच जे माहीत आहे त्यावर घरचे विश्वास ठेवतील. आणि मंगळवारचा फोन चुकला तर या पत्राचा काही उपयोग राहणार नाही. अकरा म्हणजे अकरा. ‘काही कळल्यास सर्वांत आधी तुम्हांलाच सांगू’ हे वाक्य मी घातलेलं नाही, कारण बातमी माध्यमांत आधी जाणार नाही याची खात्री तुझ्या वरिष्ठांनी दिलेली नाही. ती मिळाली तर जरूर घाल.

तू डीएनए नमुन्याबद्दल विचारलं आहेस. तुझ्या मसुद्यात ‘काही औपचारिकतेसाठी रक्ताचा नमुना लागेल’ असं आहे. असं झाकून लिहू नकोस, प्रयोगशाळेच्या दारात त्यांना खरं कळेलच. हा नमुना मुख्यतः ओळख न पटलेल्या मृतदेहांशी ताडून पाहण्यासाठी असतो. बेशुद्ध किंवा बोलू न शकणाऱ्या रुग्णाची ओळख पटवायलाही तो लागू शकतो. दोन्ही स्पष्ट लिही, आणि लगेच पुढचं वाक्य जोड: ‘नमुना दिल्याने ते गेले असं तुम्ही मान्य केलं, असा अर्थ होत नाही.’ नमुना कोणाचा हवा तेही सांग. आईवडील आणि मुलं यांचा सर्वांत उपयोगी. भावंडांचा चालतो, पण एकापेक्षा जास्त भावंडं असली तर बरं. पत्नीचा स्वतःचा नमुना नवऱ्याशी जुळवता येत नाही. मुलीचा नमुना घेतला तर तिच्यातला आईकडचा भाग वेगळा काढायला पत्नीचा नमुना उपयोगी पडतो. हे सांगितलं नाही तर ‘मी बायको असून माझं काहीच चालत नाही’ असं तिला वाटत राहतं. मला ते एकीने बोलून दाखवलं आहे.

त्यांचा दात घासायचा ब्रश किंवा कंगवा मागणार असशील तर तो न धुता, कोरडा, कागदी पाकिटात ठेवायला सांग. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. ती वस्तू परत मिळेल की नाही हेही आधीच विचारून लिही, कारण त्या घरात आज त्या कंगव्याची किंमत वेगळी आहे. दंतवैद्याचं नाव का विचारतो तेही सांग: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए ही इंटरपोलच्या पद्धतीतली ओळख पटवण्याची तीन मुख्य साधनं आहेत. 2004च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये पुष्कळ जणांची ओळख दातांच्या नोंदींवरून पटली. ही त्सुनामीची गोष्ट मात्र पत्रात नको, ती तुझ्या माहितीसाठी.

आशेबद्दल. 2013 साली बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून अधिक माणसं गेली, आणि सतराव्या दिवशी ढिगाऱ्यातून एक तरुणी जिवंत बाहेर आली. ही घटना खरी आहे आणि त्या सर्वेक्षकाचा भाऊ तुला तिच्याबद्दल विचारेल. आपण होऊन ती पत्रात लिहायची नाही. दुसऱ्याच्या नशिबाचा दाखला यांना दिला की आपण न बोलता वचन देतो. त्याने विचारलं तर मात्र टाळू नकोस. असं घडलं होतं हे मान्य कर, आणि तिथे काय वेगळं होतं तेही सांग: कोसळलेल्या काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात, तिला हवा होती, थोडं पाणी मिळालं होतं. चिखलाच्या दरडीत अशा पोकळ्या फार कमी राहतात. इथे थांब. पुढचा निष्कर्ष त्याचा तो काढेल, किंवा आज काढणार नाही.

टिपणात तू लिहिलं आहेस की सासू रोज ताट वाढून ठेवते आणि भाऊ विमा कार्यालयात चौकशी करून आला, त्यावरून घरात भांडण झालं. तुला भावाचा राग आलेला दिसतो. येऊ देऊ नकोस. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने 1970च्या दशकात अशा वियोगाला नाव दिलं, मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल: माणूस समोर नाही, पण गेला असंही म्हणता येत नाही. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत तिने काम केलं होतं. तिचं म्हणणं असं की अशा वेळी एकाच मनात ‘तो येईल’ आणि ‘तो गेला असेल’ ही दोन्ही वाक्यं असू शकतात, आणि तो आजार नव्हे. एकाच घरात ती दोन माणसांत वाटली जातात, इतकंच. म्हणून पत्रात ‘धीर सोडू नका’ नको, कारण ते सासूच्या बाजूने झालं. ‘वास्तव स्वीकारा’ नको, ते भावाच्या बाजूने. पत्र एकीच्याच नावाने जात असलं तरी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाईल, असं धरूनच लिही.

एक अवघड पत्र पुढे येऊ शकतं. पावसामुळे काम थांबलं तर ‘शोध स्थगित’ आणि कायमचं थांबवलं तर ‘शोध बंद’. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नकोस. शोध बंद झाला तर ते फोनवरही सांगू नकोस. घरी जा, कोणी निर्णय घेतला आणि कशावरून घेतला ते सांग, आणि ओळख पटवण्याचं काम चालू असेल तर ते वेगळं सांग, कारण शोध बंद झाला म्हणजे सगळंच थांबलं असं नसतं. तो मसुदा मला आधी दाखव.

सध्या हे पत्र आज संध्याकाळच्या आत जाऊ दे. त्यातल्या ‘आज दुपारी चारपर्यंत’ला उद्या काही अर्थ राहणार नाही. पाठवण्यापूर्वी नियंत्रण कक्षाला एकदा फोन करून वेळ नव्याने टाक.