होम ट्यूटरसाठीचा मेसेज: ‘सर्व विषय’ लिहिलं की काय होतं?

‘मुलगी सहावीत आहे, सेमी-इंग्रजी. सोसायटीच्या ग्रुपवर “सर्व विषयांसाठी घरी येऊन शिकवणारे शिक्षक हवेत, फी चर्चेतून ठरवू” असा मेसेज टाकला. भरपूर फोन आले. दोन शिक्षक लावून पाहिले, दोघांकडेही महिन्याभरात काही जमलं नाही. आता पुन्हा मेसेज टाकायचा तर त्यात नेमकं काय लिहू? ती गणितात कच्ची आहे असं चारचौघांत लिहिलेलं तिलाही आवडत नाही.’

ताई, तुमच्यासारखाच मेसेज लिहून थकलेल्या नाशिकच्या एका आईचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांचा मुलगा सातवीत, राज्य मंडळ, सेमी-इंग्रजी, शाळा दुपारची. पहिल्या मेसेजमध्ये त्यांनी ‘सर्व विषय, रोज, संध्याकाळी 6 नंतर’ असं लिहिलं होतं.

त्या मेसेजला हात लावण्याआधी त्यांना घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका घेऊन बसायला सांगितलं. गणितात 20 पैकी 7 गुण होते. घरात त्याचा अर्थ ‘गणित कच्चं’ एवढाच लावला गेला होता. गेलेले 13 गुण कुठे गेले ते एकेक करून पाहिलं, तेव्हा चित्र वेगळं निघालं. 5 गुण चिन्हांच्या आणि अपूर्णांकांच्या चुकांत गेले होते. −3 − 5 चं उत्तर त्याने +8 लिहिलं होतं, कारण ‘दोन वजा म्हणजे अधिक’ हा गुणाकाराचा नियम तो बेरजेतही लावत होता. 2/3 + 1/4 चं उत्तर 3/7 होतं, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला होता. 6 गुणांची दोन शाब्दिक उदाहरणं त्याने सोडूनच दिली होती. राहिलेले 2 गुण पाढे चुकल्यामुळे गेले होते.

ती सोडलेली उदाहरणं महत्त्वाची होती. 24 मीटर आणि 36 मीटरच्या दोन दोरांचे जास्तीत जास्त लांबीचे समान तुकडे करायचे होते. हेच मराठीत सांगितल्यावर त्याने मसावि काढून 12 हे उत्तर दिलं. छापलेल्या इंग्रजी वाक्यातल्या ‘ग्रेटेस्ट लेंग्थ’वरून मसावि काढायचा आहे, हे त्याला कळलं नव्हतं. विज्ञानातही तेच. बाष्पीभवन तोंडी नीट सांगायचा, पण इंग्रजीत दोन वाक्यं लिहिताना अडायचा. सेमी-इंग्रजीच्या मुलांमध्ये हे फार दिसतं आणि त्याला सरसकट ‘गणित कच्चं’ म्हटलं जातं. अशा मुलाला नुसती जास्त गणितं देणारे शिक्षक मिळाले, तर अडचण जागच्या जागी राहते. मराठी, हिंदी, इतिहास, भूगोल यांना त्याला शिकवणीची गरजच नव्हती.

‘सर्व विषय’ लिहिलं की असं होतं. शिक्षक रोज शाळेतला गृहपाठ पुरा करून घेतात, वही भरलेली दिसते, आणि अडलेली जागा अडलेलीच राहते. शिवाय चिन्हांची चूक ओळखू शकणारे शिक्षक ‘सर्व विषय’ वाचून फोनच करत नाहीत, कारण ते दोनच विषय शिकवतात.

वेळेचंही असंच झालं होतं. संध्याकाळी 6 ते 8 या वेळात बहुतेक शिक्षक आपल्या क्लासमध्ये किंवा आधीच्या शिकवण्यांमध्ये अडकलेले असतात. मुलगाही साडेपाचला शाळेतून दमून यायचा. शाळा दुपारची असल्याने सकाळ मोकळी होती. सकाळी 9 ते 10 लिहिल्यावर निवृत्त शिक्षिका आणि बी.एससी., बी.एड. झालेल्या, मुलं शाळेत गेल्यावर मोकळ्या असणाऱ्या गृहिणी यांचे फोन आले. कॉलेजचे विद्यार्थी आपोआप गळले. तुमच्या मुलीची शाळा सकाळची असेल तर दुपारी 4 ते 5 ही वेळ बघा. मुलीच्याच शाळेतल्या शिक्षकांना विचारण्याचा मोह होतो, पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. त्यांना त्या पेचात टाकू नका. ‘ही नेमकी कुठे अडते’ एवढंच विचारा. ती माहिती शिकवणीपेक्षाही मोलाची असते.

बदललेला मेसेज असा होता:

> नमस्कार. इयत्ता सातवी, राज्य मंडळ, सेमी-इंग्रजीच्या मुलासाठी घरी येऊन शिकवणारे शिक्षक/शिक्षिका हव्यात.
> विषय: फक्त गणित आणि विज्ञान.
> गरज: पूर्णांक व अपूर्णांकांवरील क्रिया पक्क्या करणे, इंग्रजीतला प्रश्न वाचून समजणे. गृहपाठ करून घेणे अपेक्षित नाही.
> दिवस: सोम, बुध, शुक्र. सकाळी 9 ते 10.
> भाग: इंदिरानगर, नाशिक.
> फी: तासाला 300 ते 350 रु., अनुभवानुसार. हिशेब झालेल्या तासांप्रमाणे, महिनाअखेर.
> आधी एक चाचणी तास, त्याची फी 300 रु. दिली जाईल.
> कृपया खासगी मेसेजमध्ये कळवावे: शिक्षण, सध्या कोणत्या इयत्तेला शिकवता, सेमी-इंग्रजीचा अनुभव.

यात ‘कच्चा’ हा शब्द नाही, तरी शिक्षकाला हवं ते सगळं आहे. टाकण्याआधी हा मेसेज मुलाला वाचायला दिला होता. ‘गरज’ची ओळ मुलाच्या उत्तरपत्रिकेतून आली असली की त्याला तो आपल्यावरचा शेरा वाटत नाही. तुमच्या मुलीलाही तिच्या पेपरवरून ती ओळ स्वतः लिहू द्या. मुलाचं नाव, फोटो, शाळा, घराचा नंबर आणि घरी मोठं माणूस केव्हा नसतं, यातलं काहीही ग्रुपवर जाऊ देऊ नका. पत्ता चाचणी तास ठरल्यावर, ओळखपत्र पाहून द्या.

फीबद्दल थोडं सविस्तर, कारण बरेच संबंध इथेच बिघडतात. ‘चर्चेतून ठरवू’ वाचलं की समोरचा आधी मोठा आकडा सांगतो, मग घासाघीस होते, आणि पहिल्याच दिवशी एकाला लुबाडल्यासारखं तर दुसऱ्याला कमी लेखल्यासारखं वाटतं. महिन्याची ठोक फीही फसवी असते. सोम-बुध-शुक्रचे तास फेब्रुवारीत 12 भरतात, तर एखाद्या 31 दिवसांच्या महिन्यात 14. दोन जादा तासांचे 600 रुपये द्यायचे की नाही, यावरून कुरबुर होते. तासाप्रमाणे हिशेब धरला की दिवाळीची सुट्टी, गणपतीतले दिवस, शिक्षकांची रजा असे सगळे प्रश्न मिटतात. एकच बाब वेगळी ठरवावी लागते. तुम्ही ऐनवेळी, म्हणजे त्याच दिवशी, तास रद्द केला तर अर्धी फी द्यावी, कारण शिक्षकांचा वेळ राखून ठेवलेला असतो. कॅलेंडरवर प्रत्येक तासाला शिक्षकांची सही घेतली तर महिनाअखेरीस मोजणी दोन मिनिटांत होते. महिन्याची फी आगाऊ मागणाऱ्यांना पहिल्या पंधरवड्यात आठवड्याला पैसे देण्याचं सुचवा. शिकवण्याचं काम करणाऱ्या माणसाला ते सहसा चालतं. एजन्सीकडून आलेल्या शिक्षकांना एवढं आवर्जून विचारा की पहिल्या महिन्याच्या फीतून एजन्सी किती कापून घेते. ती कपात मोठी असेल तर शिक्षकाच्या हाती फार थोडं पडतं, आणि काहींचं लक्ष मग दुसऱ्या कामाकडे लागतं.

चाचणी तास फुकट घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फुकट तासाला शिक्षक स्वतःचा हुकमी धडा घेऊन येतात, आणि तुम्हाला विषय सांगायचा संकोच वाटतो. पैसे दिले की सरळ म्हणता येतं: ‘ही तिची उत्तरपत्रिका, याच्यावर तास घ्या.’ चाचणी तास दोनच ठेवा, मध्ये दोन-तीन दिवस सोडून. चार-पाच अनोळखी माणसांपुढे रोज आपल्या चुका उघड करायच्या म्हटल्यावर मूल मिटून जातं.

नाशिकच्या आईंना तासभर त्याच खोलीत, पण टेबलापासून लांब बसायला सांगितलं होतं. लक्ष एकाच गोष्टीकडे द्यायचं होतं: पेन कुणाच्या हातात आहे? पहिले सर उत्तम बोलायचे. त्यांनी चिन्हांचे सगळे नियम एका कागदावर सुंदर मांडून दिले. साठ मिनिटांत मुलाने जेमतेम सहा मिनिटं लिहिलं. दुसऱ्या बाईंनी +8 वर बोट ठेवून विचारलं, ‘हे कसं आलं, सांग बरं.’ मुलाने दोन वजांचा नियम सांगितला. बाईंनी तो चूक म्हटला नाही. संख्यारेषा काढायला लावली, −3 वर उभं राहून डावीकडे पाच घरं जायला सांगितलं, आणि पुढची वीस मिनिटं फक्त बेरीज-वजाबाकीच घेतली. गुणाकाराचा नियम शेवटी, वेगळ्या पानावर. गणितं मात्र कमी झाली.

आईंना पहिले सर आवडले होते. मुलगाही ‘छान शिकवलं’ म्हणाला. ‘आवडले का?’ हा प्रश्न मुलांना विचारून फारसा उपयोग नसतो, कारण ज्या तासात कमी श्रम पडतात तो तास आवडतो. त्यापेक्षा ‘आज तू त्यांना काय विचारलंस?’ असं विचारा. प्रत्येक चाचणी तासानंतर दोन दिवसांनी मुलाला त्याच प्रकारची पाच गणितं एकट्याने करायला दिली होती. पहिल्या सरांनंतर एक बरोबर आलं, बाईंनंतर चार. दुसऱ्या वेळी त्याला आधीच्या तासाचाही थोडा फायदा मिळालेला असणार, त्यामुळे नुसत्या आकड्यावर निवड केली नाही. पण वहीत फरक दिसत होता. दुसऱ्या वेळी गणिताशेजारी त्याने स्वतःहून संख्यारेषा काढली होती.

बाई ठरल्यावर पहिल्या महिन्यात फक्त मागची अडचण घ्यायची, पाठ्यपुस्तकात पुढे जायचं नाही, असं बोलणं झालं. शाळेतला धडा पुढे पळत असताना हे घरच्यांना जड जातं, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ‘शाळेचंच घ्या ना’ असा आग्रह सुरू होतो. तुमचे आधीचे दोन शिक्षक याच वळणावर सुटले का, हे आठवून पाहा. तसं असेल तर तासाची विभागणी आधीच सांगून ठेवा: पहिली चाळीस मिनिटं मागची अडचण, पुढची वीस मिनिटं शाळेत चालू असलेल्या धड्यातले इंग्रजी प्रश्न मोठ्याने वाचून ‘यात काय काढायचं आहे’ एवढंच सांगणं. वाचनाचा भाग घरीही होतो, त्याला शिक्षक लागत नाहीत. रोज दोन प्रश्न पुरेत.

तास बैठकीच्या खोलीत, दार उघडं ठेवून, घरात मोठं माणूस असताना घ्यावेत, हे शिक्षकांना पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा. आणि शिक्षक ठरले की ग्रुपवर ‘शिक्षक मिळाले, आभार’ एवढं टाका. ज्यांनी खासगीत चौकशी केली होती त्यांनाही तेच कळवा, म्हणजे ती माणसं सकाळची वेळ राखून तुमच्या फोनची वाट पाहत बसणार नाहीत.