साठ स्लाइड आणि अर्धाच वेळ

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिमेंटच्या काही भागाऐवजी फ्लाय अॅश घालून काँक्रीटची ताकद तपासणे हा माझा प्रकल्प. चाळीस मिनिटांसाठी साठ स्लाइड केल्या होत्या. आज कळले की परवा वीसच मिनिटे मिळणार आणि स्लाइडही वीसच हव्यात. मला सगळ्याच महत्त्वाच्या वाटतात. काय काढू?

उत्तर : या वीस मिनिटांत प्रश्नोत्तरेही धरली आहेत का, हे आजच सरांना विचारून घ्या. धरली असतील, तर बोलायला पंधराच मिनिटे उरतील.

मग निष्कर्षाची स्लाइड उघडा आणि तिच्यातील प्रत्येक विधान ज्या स्लाइडवरून सिद्ध होते, तिचा क्रमांक कागदावर लिहा. समजा, वीस टक्के फ्लाय अॅशचे काँक्रीट सुरुवातीला मागे राहते, पण 56 दिवसांनी साध्या काँक्रीटची बरोबरी करते, असे तुमचे विधान आहे. त्याला मिश्रणाचे प्रमाण, क्यूबची चाचणी आणि 7, 28 व 56 दिवसांचे आकडे एवढाच आधार लागतो. या तीन मुदतींची तीन कोष्टके असतील, तर त्यांचा एकच रेषालेख करा. सात दिवसांचे आकडे कमी दिसतात म्हणून गाळू नका. फ्लाय अॅशची क्रिया संथ असते आणि साचे कधी काढायचे, हा परीक्षकांचा प्रश्न त्याच आकड्यांवर येतो.

माझ्या मते शीर्षक व उद्दिष्टाला दोन, पूर्वसंशोधनाला एक, साहित्याला दोन, मिश्रण व चाचणीला चार, निकालांना नऊ आणि निष्कर्षाला दोन स्लाइड द्याव्यात. पूर्वसंशोधनावर तुम्ही बरेच दिवस घालवले असतील आणि ते काढताना जीव तुटेल, हे मी जाणतो. परंतु परीक्षकांना तुमचे काम पाहायचे असते. तीन स्लाइडचा मजकूर बारीक अक्षरांत एकीवर कोंबू नका, कारण वाचायला वेळ तितकाच लागतो.

उरलेल्या स्लाइड पुसू नका. त्या निष्कर्षाच्या मागे नेऊन Hide Slide करा आणि त्यांचे नवे क्रमांक कागदावर टिपून ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबले, की लपवलेली स्लाइडही उघडते. वाळूच्या चाळणीविषयी कोणी विचारले, तर कोष्टक लगेच दाखवता येईल.

छाटणीनंतर एक चूक हमखास राहते. मिश्रणांना एम-१, एम-२ अशी नावे दिलेली स्लाइड मागे जाते आणि आलेखावर ती नावे तशीच उरतात. म्हणून प्रकल्प ठाऊक नसलेल्या मैत्रिणीला वीस स्लाइड दाखवा. ती जिथे 'हे काय?' म्हणेल, तिथे 'वीस टक्के फ्लाय अॅश' असे पूर्ण लिहा.

सरावात घड्याळ लावा. शीर्षकाला काही सेकंद पुरतात, ताकदीच्या आलेखाला मात्र पूर्ण दोन मिनिटे द्या. परवा बोलायला पंधराच मिनिटे असतील आणि बाराव्या मिनिटाला तुम्ही चौदाव्या स्लाइडवरच असाल, तर वेग वाढवू नका. 19 टाइप करून एंटर दाबा आणि निष्कर्ष शांतपणे सांगा.