मेहुण्याच्या पार्टीतली झिरो-झिरो

पोरा,

काल फोनवर तू विचारलंस, ‘काका, त्यात काहीच नसतं ना?’ मेहुणा चोर्ला घाटातून गोव्याला जाणार, तिकडून नॉन-अल्कोहोलिक बिअरचा खोका आणणार, तुला एक, तुझ्या बायकोला एक. तिला पाचवा महिना, तुझी दारू सोडवायची गोळी चालू. आणि तू मला ‘काहीच’ विचारतोस. हा शब्दच मला खटकतो.

आपल्याकडच्या नियमात 0.5 टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तरच ते पेय मद्य धरतात. त्याच्या आतलं सगळं नॉन-अल्कोहोलिक या नावाखाली खपतं. बिअर आधी नेहमीसारखी आंबवतात, मग त्यातलं अल्कोहोल काढतात, किंवा आंबवणं अर्ध्यावर थांबवतात. दोन्हीकडे थोडं मागे राहतंच. वाइनचंही तसंच. ‘0.0’ छापलेल्यात ते बहुधा 0.05 टक्क्याच्याही खाली असतं, पण बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कोणती कुठली ते कळत नाही. कॅनडात 2010 साली अशा 45 पेयांची तपासणी छापून आली. त्यातल्या 13 पेयांत लेबलवर लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त अल्कोहोल निघालं, काहींत तर 1 टक्क्याहून जास्त. म्हणून सांगतो, शंका असलेली बाटली उघडायची नाही.

आता खरं तेही सांगतो, नाहीतर म्हणशील काका घाबरवतात. 330 मिलीच्या बाटलीत 0.5 टक्के म्हणजे दीड मिलीच्या आसपास अल्कोहोल. तशा वीस बाटल्या झाल्या की 5 टक्क्यांच्या 650 मिलीच्या एका बिअरइतकं होतं. पिकलेल्या केळ्यात, पावातही किंचित असतंच. त्यामुळे नशा चढणार नाही. पण तुझा प्रश्न नशेचा नाहीच.

तुझा प्रश्न गोळीचा आहे. डायसल्फिराम अल्कोहोल पचण्याची वाट मधेच अडवते. अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष अंगात साचतं. मग चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलटी होते, रक्तदाब पडतो. काहींना खोकल्याच्या औषधातलं अल्कोहोलही पुरतं. गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, तेव्हा ‘शनिवारपुरती गोळी चुकवतो’ हा हिशेब मनातून काढून टाक.

गोळी नसती तरी मी हेच म्हटलं असतं. माझी दारू सुटून वर्षं झाली, तरी बाटलीच्या तोंडाशी येणारा फेस आणि तो कडवट वास यांची ओढ मला ठाऊक आहे. मेंदू वास ओळखतो, टक्के वाचत नाही. पहिल्यांदा हातात येते ती झिरो-झिरो, मग कुणीतरी म्हणतं की चव तर तीच आहे. उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यातला एक जण याच वाटेने परत गेला, माझ्या डोळ्यांदेखत. भाचीच्या लग्नात मी ग्लास हातातही घेतला नाही, तर पाहुणे रुसले, हेकट म्हणाले. म्हणू देत. त्या हेकटपणाने मला घरी परत आणलं आणि मी त्याची माफी मागणार नाही.

बायकोचं वेगळं आहे. गरोदरपणात अल्कोहोलची सुरक्षित अशी मर्यादा कुणाला ठरवता आलेली नाही, आणि आईच्या रक्तातलं वारेतून बाळापर्यंत जातं. खरंच 0.0 असलेल्या एका बाटलीने बाळाला अपाय होईल असं मी म्हणत नाही. मागच्या महिन्यात तिने एक घेतली म्हणालास, तर तिला घाबरवू नकोस. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा, बस्स. पण दर आठवड्याला, न वाचता, लेबलवर विसंबून? नाही. शिवाय यातल्या बऱ्याच पेयांत साखर भरपूर असते, आणि तिची साखर सीमेवर आहे हे तूच सांगितलंस. शंका असलेली बाटली तिनेही उघडायची नाही. कोकम सरबत करून न्या, नाहीतर सोलकढी. मेहुण्याला आधीच फोन करून सांग की खोका तुमच्यासाठी आणू नकोस, तिथे गेल्यावर वाद नको.

आणि एक लक्षात ठेव. चुकून काही पोटात गेलं आणि छाती भरून आली, श्वास लागला, चक्कर आली, तर झोपून राहू नकोस. लगेच हॉस्पिटल गाठ आणि दारातच गोळीचं नाव सांग. तिची रिकामी पट्टी खिशात असू दे, बायकोलाही ती कुठे आहे ते दाखवून ठेव.

तुझा काका