पाऊस येणार हे माहीत असतं, मग वडोदऱ्याजवळचा आजवा तलाव आधीच रिकामा का करत नाहीत?

करतात, पण थोडंच. पावसाळ्याच्या सुरुवातीला पातळी मुद्दाम खाली ठेवतात आणि पुढचा पाऊस जसजसा कमी उरतो तसतशी ती वाढू देतात. कारण हेच पाणी वडोदऱ्याला वर्षभर प्यायचं असतं.

खरी अडचण वेळेची आहे. एक ढोबळ हिशेब करू. समजा १०० चौरस किलोमीटर पाणलोटात २०० मिलिमीटर पाऊस पडणार आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून येणार. म्हणजे १ कोटी घनमीटर. तलाव १० चौरस किलोमीटर पसरलेला असेल तर पातळी एक मीटर चढेल. तेवढी जागा एका दिवसात करायची तर चोवीस तास सेकंदाला सुमारे ११५ घनमीटर सोडावं लागेल, आणि ते जाणार शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीतच! शहरातही तोच पाऊस कोसळत असेल तर आपणच पूर आणला असं होईल.

म्हणून सोडायचं ते दोन दिवस आधी, नदी खाली असताना. पण तेव्हाच अंदाज कच्चा असतो: पावसाचा पट्टा पन्नास किलोमीटर सरकला तरी पाऊस भलत्याच पाणलोटात पडतो. ऑगस्टमध्ये असं फसलं तर तलाव पुन्हा भरायला अजून दिवस असतात. सप्टेंबरअखेर मात्र सोडलेलं पाणी गेलंच समजा.